सवलत नको, मुदत मागा

उधारी लांबली की सप्लायरला पत्र लिहायचं, आणि सप्लायर महाराष्ट्राबाहेरचा असेल तर त्याचं इंग्रजी करून पाठवायचं, हे काम आमच्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कोणाकडे जातं? मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे, नाहीतर हिशेब लिहिणाऱ्याकडे. मी हिशेब लिहिणारा. भोसरीतल्या चार-पाच युनिटचे हिशेब बघतो, त्यामुळे ही पत्रं माझ्या टेबलावरून जातात. माझं मत आता ठाम झालंय. पत्र आधी मराठीतच लिहावं, मालकानं स्वतः लिहावं, पण इंग्रजी करताना त्याचं ओळीला ओळ भाषांतर अजिबात करू नये.

या फेब्रुवारीतलं एक उदाहरण सांगतो. आमचे एक गिऱ्हाईक इमारतींसाठी प्रेशर पंपाच्या सिस्टीम जोडून देतात. मोटारी कोइम्बतूरहून येतात. दोन बिलं बाकी होती. ८ जानेवारीचं २,३६,००० रुपयांचं आणि २७ जानेवारीचं १,१८,००० रुपयांचं. पर्चेस ऑर्डरवर तीस दिवसांची उधारी, म्हणजे पहिलं बिल ७ फेब्रुवारीला आणि दुसरं २६ फेब्रुवारीला द्यायचं. इकडे एका बिल्डरनं सिस्टीम बसवून घेतली आणि पैसे मार्चवर ढकलले. साहेबांनी रात्री बसून मराठीत पत्र लिहिलं. सकाळी भाच्यानं त्याचं इंग्रजी केलं आणि दोन्ही कागद माझ्यापुढे आले.

मराठी पत्र वाचायला छान होतं. आपले अनेक वर्षांचे संबंध, आजवर कधी पैसे बुडवले नाहीत, सध्या थोडी आर्थिक अडचण आहे, पुढच्या पार्टीचं पेमेंट आल्यावर लवकरात लवकर व्यवस्था करू, तरी थोडी सवलत द्यावी ही नम्र विनंती. आपल्याकडचा कोणीही व्यापारी हे वाचून समजून घेईल की माणूस मुदत मागतोय आणि देणार आहे.

भाच्याच्या इंग्रजीत ‘सवलत’चं ‘कन्सेशन’ झालं होतं. म्हणजे कोइम्बतूरच्या अकाउंट्सवाल्यानं वाचलं असतं की हे बिलात सूट मागतायत. ‘आर्थिक अडचण’चं ‘फायनान्शियल क्रायसिस’ झालं होतं. आपण अडचण हा शब्द लाइट गेली तरी वापरतो. पण क्रेडिट देणाऱ्या माणसानं क्रायसिस वाचलं की तो पहिल्यांदा पुढचा माल थांबवतो आणि मग ॲडव्हान्स मागतो. बरं, साहेबांना मोटारी तर हव्याच होत्या, पुढची ऑर्डर हातात होती.

पण खरा दोष भाच्याचा नव्हता. सव्वा पानाच्या मूळ पत्रात एकही बिल नंबर नव्हता, रक्कम नव्हती, तारीख नव्हती. इंग्रजीत आणणार तरी काय?

समोरचं टेबल डोळ्यासमोर आणा. तिथे पत्र मालकाकडे जात नाही, अकाउंट्समधल्या कोणाकडे तरी जातं. त्याच्यापुढे आपलं लेजर उघडं असतं. त्याला त्यात एक शेरा लिहायचा असतो आणि आपल्या साहेबाला एका वाक्यात सांगायचं असतं. कुठल्या बिलाचे किती पैसे, कुठल्या तारखेला येणार. ‘पार्टीचं पेमेंट आल्यावर’ हे त्याला लेजरमध्ये लिहिता येत नाही. ती पार्टी त्याची नाही, आपली आहे.

म्हणून आम्ही आधी मराठी पत्र नव्यानं लिहिलं:

‘मा. व्यवस्थापक, लेखा विभाग यांस,
विषय: दोन बिलांच्या पेमेंटसाठी मुदतवाढीची विनंती.
महोदय, आपल्या ८ जानेवारीच्या बिलाचे २,३६,००० रुपये ७ फेब्रुवारीला आणि २७ जानेवारीच्या बिलाचे १,१८,००० रुपये २६ फेब्रुवारीला देय आहेत. एकूण ३,५४,००० रुपये. आमच्या एका ग्राहकाचे पेमेंट मार्चवर गेल्याने ही रक्कम ठरलेल्या तारखांना पूर्ण देता येणार नाही. आम्ही ती पुढीलप्रमाणे देऊ: १० फेब्रुवारीला १,१८,०००, ५ मार्चला १,१८,००० आणि २५ मार्चला १,१८,००० रुपये. पहिले दोन हप्ते ८ जानेवारीच्या बिलात जमा करावेत. प्रत्येक हप्ता एनईएफटीने पाठवून यूटीआर नंबर त्याच दिवशी कळवू. या तारखा आपल्याला मान्य असल्यास तसे लेखी कळवावे, ही विनंती.
आपला,’

बिल नंबर मी इथे गाळलेत, पत्रात होते. संबंधांबद्दल एक ओळ साहेबांनी आग्रहानं शेवटी घातली, ती ठेवली. पत्र ३ फेब्रुवारीला गेलं, म्हणजे पहिली तारीख चुकायच्या आधी. तारीख उलटल्यावर लिहिलं तर तेच पत्र खुलासा होतं.

तारखा कशा काढल्या तेही सांगतो. बिल्डरनं १५ मार्च सांगितलं होतं. बिल्डरचा १५ मार्च म्हणजे किती, हे भोसरीत कोणाला सांगायला नको. म्हणून मोठा आधार त्यावर ठेवलाच नाही. पहिले दोन हप्ते इतर येण्यातून निघतील असे धरले आणि फक्त तिसरा बिल्डरवर टाकला, तोही दहा दिवस पुढे. एकदा वाढवून घेतलेली तारीख चुकली की दुसऱ्या पत्राला किंमत नसते.

आता इंग्रजी. हे पत्र इंग्रजीत न्यायला अर्धा तासही लागला नाही, कारण त्यात भाषांतर करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. ‘नम्र विनंती’, ‘कृपया सहकार्य करावे’, ‘आपला कृपाभिलाषी’ हे सगळं मिळून एक ‘वुई रिक्वेस्ट’ पुरतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम बदलावी लागते. मराठी पत्रात आपण ‘पेमेंट करण्यात येईल’ असं लिहितो. कोण करणार ते त्यात नाहीच, पण आपल्याला ते सभ्य वाटतं. इंग्रजीत सरळ ‘वुई विल पे’ लिहावं आणि पुढे तारीख. ‘वुई विल ट्राय’ तर बिलकूल नको, त्याचा अर्थ सगळीकडे एकच घेतला जातो.

मग साहेबांना दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला लावले. आकडे आणि तारखा बोट ठेवून जुळवल्या. सही फक्त इंग्रजीवर, मराठी आपल्या फायलीत. हा हट्ट मी का धरतो ते कळायला थोडं कायद्यात शिरावं लागेल.

मुदत मागणारं पत्र ही कर्जाची लेखी कबुलीही असते. लिमिटेशन ॲक्ट १९६३ च्या कलम १८ प्रमाणे, दाव्याची मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं सही करून बाकी मान्य केली, तर वसुलीच्या दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजली जातात. देणं खरं असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आलेल्या मालात दोन मोटारी सदोष असतील आणि आपण घाईत पूर्ण रक्कम मान्य करून बसलो, तर नंतर काढलेली डेबिट नोट पळवाटच दिसते. हरकत असेल तर ती आधीच लेखी गेलेली हवी. सूक्ष्म आणि लघु सप्लायरसाठीच्या एमएसएमई कायद्यात तर माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. सांगायचं काय, ज्या कागदावर आपण कबुली देतोय तो मालकाला शब्दाशब्दानं कळलेला हवा. इंग्रजीतच सुरुवात केली की तो ‘ठीक आहे’ म्हणून सही करतो.

दुसरी गोष्ट ४५ दिवसांची. सप्लायरच्या बिलावर उद्यम नंबर असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढची उधारी चालत नाही. करार नसेल तर पंधरा दिवस. सप्लायरनं पत्राला हो म्हटलं तरी ही मर्यादा सरकत नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज त्याला मागता येतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. बहुतेक सप्लायर ते मागत नाहीत, कारण त्यांना पुढची ऑर्डर हवी असते. पण संबंध बिघडल्यावर तीन वर्षांपूर्वीची बिलं काढून याच कायद्याखाली थकबाकीचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाणारेही असतात.

आणि तिसरा हप्ता २५ मार्चलाच का ठेवला, एप्रिलमध्ये का नाही? १ एप्रिल २०२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात आलेली ४३बी(एच) ची तरतूद. अशा लघु सप्लायरचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चपर्यंतही दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी धरायची. म्हणजे पैसे खिशात नाहीत म्हणून मुदत मागायची आणि त्याच रकमेवर यंदा नफा दाखवून कर भरायचा. उशीर झाला तरी ३१ मार्चच्या आत दिले तर हा फटका बसत नाही. नुसत्या ट्रेडरकडून घेतलेल्या मालाला ही तरतूद लागत नाही, म्हणून बिलावर नुसता उद्यम नंबर बघून थांबू नका, सर्टिफिकेट मागवून त्यात उत्पादक लिहिलंय की ट्रेडर ते बघा.

पुढच्या तारखेचे चेक देऊ का, असं साहेबांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. चेक परत गेला आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली ते फौजदारी होतं. बिल्डरच्या भरवशावर फौजदारी कोण अंगावर घेईल? सप्लायरनं अडूनच धरलं तर पहिल्या दोन हप्त्यांचे द्यावेत, तिसऱ्याचा नाही.

कोइम्बतूरचं उत्तर दोन ओळींचं आलं. पहिल्या दोन तारखा मान्य, तिसरा हप्ता २५ ऐवजी २० मार्चला हवा, आणि नवीन माल पहिला हप्ता जमा झाल्यावरच निघेल. सवलतीचा विषय कुठेच नव्हता. साहेब २० तारखेवर कुरकुरले, मग बिल्डरला फोन लावायला बाहेर गेले.