आरपीएम, क्लेम आणि पिवळा डॉलर : एका प्रतिक्रियेला उत्तर

यूट्यूबवरचा माझा आरपीएम, म्हणजे हजार व्ह्यूजमागची कमाई, पडला. त्याचा दोष मी मागच्या लेखात कॉपीराइट क्लेमला, म्हणजे दुसऱ्याने व्हिडिओतल्या गाण्यावर सांगितलेल्या हक्काला, दिला होता. त्याच लेखात पिवळा डॉलरही आला होता, म्हणजे व्हिडिओवर जाहिराती कमी किंवा बंद केल्याची खूण. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«सर, जरा अभ्यास करून लिहीत जा. पिवळा डॉलर आणि कॉपीराइट क्लेम या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता आरपीएम पडला म्हणून क्लेमला दोष कसा देता? स्क्रीनशॉटही जुना आहे. – एक वाचक»

एक वाचक महाशय,

स्क्रीनशॉट जुना आहे, कबूल. रविवारी बदलतो. पण सुरुवातीलाच ही मास्तरकी कशाला? सात वर्षं यूट्यूबवर चॅनेल चालवतोय मी, तेही नाव लपवून नव्हे.

'नुसता' हा शब्द तुमच्या पदरचा. आरपीएम पडला आणि Playback-based CPM, म्हणजे जाहिरातदार हजार प्लेबॅकमागे मोजतात ती रक्कम, जागचा हलला नाही, म्हणून मला क्लेमचा संशय आला. आरपीएम काढताना सगळे व्ह्यूज धरतात, जाहिरात न लागलेलेसुद्धा. तो सीपीएम मात्र जाहिरात लागलेल्या प्लेबॅकवरच निघतो. जाहिरातदारांनी हात आखडता घेतला असता तर दोन्ही आकडे घसरले असते.

आता माझंच उदाहरण घ्या. गणपती विसर्जनाचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. त्या महिन्यात चॅनेलला १,००,००० व्ह्यूज आले, त्यांतले ४०,००० या एकट्याचे. उरलेल्या ६०,००० वर ३,६०० रुपये मिळाले, म्हणजे हजारी ६०, नेहमीसारखेच. पण भागाकार लाखाने होतो, म्हणून चॅनेलचा आरपीएम दिसला ३६. विसर्जनाच्या ओळीत कमाई शून्य. Restrictions या रकान्यात Copyright, आणि आत बघितलं तर मंडळाच्या स्पीकरवरच्या आरतीची ३८ सेकंद. आरतीचे शब्द रामदासांचे, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण ते रेकॉर्डिंग कंपनीचं. त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. Mute song करून तेवढा तुकडा गप्प केला, क्लेम उठला. आधीचे पैसे कंपनीकडे गेले ते गेलेच. क्लेम खरोखर चुकीचा असेल तर पाच दिवसांच्या आत वाद नोंदवायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची रक्कम निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवतात. उशीर केला तर वाद नोंदवल्या दिवसापासूनचीच.

पिवळ्या डॉलरचं म्हणाल, तर तो मला जत्रेतल्या बोकडाच्या व्हिडिओने शिकवला. तिथे कमाई शून्य होत नाही, ठिबकत राहते: काही जाहिरातदार चालवून घेतात, शिवाय प्रीमियमवाल्या प्रेक्षकांचा वाटा येतो. त्यावर वाद घालायचा नसतो, फेरतपासणी मागायची असते. मूळ लेखात या दोन्ही गोष्टी मी एकाच परिच्छेदात लिहिल्या. एका परिच्छेदात लिहिलं म्हणजे फरक कळत नाही, हा शोध तुमचा.

आता तुमच्या चॅनेलचा आरपीएम आणि तो सीपीएम शेजारी ठेवून बघा आणि मग लिहा. चॅनेल असेल तर.