बीपीची गोळी आणि रक्तदान: खुलासा

"बीपीची गोळी चालू असेल तर रक्तदान करता येत नाही."

हे चुकीचे आहे. भारतातील नियमांनुसार, गोळी असो वा नसो, वरचे बीपी 100 ते 140 आणि खालचे 60 ते 90 असावे. औषध किंवा डोस मागच्या 28 दिवसांत बदललेला नसावा. हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांवर परिणाम किंवा चक्करेचा त्रास नसावा.

समजा, जुन्याच गोळीवर बीपी 132/84 आहे, तर बाकी तपासणी ठीक असल्यास रक्त घेतात. डोस दहा दिवसांपूर्वी वाढवला असेल, तर याच आकड्यावर थांबवतात. बीपी अजून स्थिरावलेले नसते आणि रक्त दिल्यावर ते एकदम उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून औषध लपवू नका. आणि कृपया, शिबिरासाठी सकाळची गोळी चुकवू नका.