अण्णांची झोप आणि फोनचं घड्याळ

माणूस रात्रीच झोपतो, असं मोबाईलवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. अँड्रॉइड फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये झोपेचं एक वेळापत्रक बहुधा आयतंच भरलेलं असतं: रात्री 10 ते सकाळी 7. आपण फक्त चालू करायचं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणी हे विचारायला आलं असतं तर बरं झालं असतं. शेजारचे अण्णा रात्रपाळीला यंत्रमागावर असतात आणि सकाळी 9 वाजता कूलरपुढे आडवे होतात.

त्यांच्या फोनवर ते आयतं वेळापत्रक कुणीतरी चालू करून ठेवलेलं. त्यामुळे अण्णा टक्क जागे असताना फोन मुका, आणि डोळा लागला की कर्ज देणारे, प्लॉट विकणारे आणि लग्नाची आमंत्रणं करणारे, सगळे हजर.

"सर, तेवढं नीट करून द्या की," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. सगळी सेटिंग तेलुगूत. अण्णांना तेलुगू वाचता येतं, पण चष्मा कारखान्यात राहिलेला. मला तेलुगू ऐकून थोडं कळतं, वाचायला ओ की ठो येत नाही. मराठी करू का म्हटलं तर जांभई आवरत म्हणाले, "नको. भाच्यानं करून दिलंय. मला त्यातच सापडतं."

बरं झालं, दोघांचे फोन एकाच कंपनीचे आणि सारखेच जुने. भाषा बदलली तरी ओळींची जागा बदलत नाही. माझा मराठी फोन शेजारी ठेवला आणि इकडे तिसरी ओळ तर तिकडेही तिसरी, असं बोट ठेवत निघालो. पहिला दरवाजा मात्र न वाचताही सापडतो. पडदा वरून खाली ओढायचा आणि वर्तुळात आडवी रेघ असलेलं चित्र शोधायचं, रस्त्यावरच्या 'प्रवेश बंद' पाटीसारखं. ते नुसतं दाबलं तर चालू किंवा बंद होतं. दाबून धरलं की आतलं पान उघडतं.

वेळेचे आकडे नेहमीचेच होते. 9 ते 3 केलं. AM आणि PM इंग्रजीतच असल्यानं तिथेही भागलं. घोटाळा वारांचा. सात गोल, प्रत्येकात एक तेलुगू अक्षर. पहिला रविवार की सोमवार? त्याच फोनचं कॅलेंडर उघडलं, आजची तारीख कितव्या रकान्यात आहे ते बघितलं आणि तेवढे गोल मोजले. अण्णांची सुट्टी रविवारी रात्री. मी रविवारचा गोल विझवायला गेलो, तर वहिनी आतून म्हणाल्या, "रविवारी सकाळी तर ते शनिवारची पाळी करून झोपतात. जागे असतात सोमवारी." बरोबर होतं. सोमवार विझवला.

आता फोन कुणाचे येऊ द्यायचे? इथे एक खटका असतो: त्याच माणसानं 15 मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन लावला, तर तो वाजू द्यायचा. अडीअडचणीला कुणी पुन्हा फोन करेल, हा त्यामागचा विचार. विचार थोर आहे, पण तो करणाऱ्याला सोलापुरी नातेवाईक नसावेत. आपल्याकडे पहिला फोन उचलला नाही, तर दुसरा लगेच लावणं हा शिष्टाचार आहे. तिसऱ्याला "मेलास काय बे?" हे विचारायचं असतं. हा खटका चालू ठेवला, तर सगळं गावच अडचणीत धरावं लागेल. बंद केला.

मग राहिला उपाय ताऱ्याचा. संपर्कांत नावापुढचा तारा दाबायचा आणि कॉलच्या पानावर फक्त तारांकितांना मुभा द्यायची. वहिनींना तारा, मुलाच्या शाळेला तारा, कारखान्यातल्या जॉबरला तारा. माझ्या फोनवरून लावून पाहिला: स्क्रीनवर नाव आलं, आवाज नाही. वहिनींच्या फोनवरून लावला, खणखणीत वाजला. अण्णांना बजावलं की मध्येच कंटाळून हे हातानं बंद केलंत, तर ते त्या दिवसापुरतं बंदच राहील; पुन्हा आपोआप चालू होईल ते दुसऱ्या दिवशीच्या 9 वाजता. पोरालाही सांगून ठेवा. अलार्म मात्र वाजेल, त्याला मुभा ठेवलीय.

एवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "जॉबरला तारा दिलात. आणि आमच्या आईला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. या पेचावर दोन्ही फोनांत, दोन्ही भाषांत, एकही ओळ नव्हती. गुपचूप चौथा तारा लावला.

दुसऱ्या दिवशी 11 च्या सुमारास भिंतीपलीकडे फोन खणखणला. सासूबाई होत्या. शेंगाचटणी पाठवू का, एवढंच विचारायचं होतं म्हणे.