नवरात्राचा उपवास आणि हृदयाच्या गोळ्या

आज सकाळी आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी लिहिले की नवरात्रात पोटाला विश्रांती द्यायची असते, तेव्हा लघवीच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांनाही नऊ दिवस विश्रांती द्यावी. खाली लगेच हात जोडण्याची रांग लागली. मी नागपुरात हृदयरोग विभागात परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

माझ्या काकू 68 वर्षांच्या आहेत. त्यांच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप बसवलेली आहे आणि पायांवर सूज येते, म्हणून सकाळी लघवी वाढवणारी टॉर्सेमाइड आणि रात्री 9 वाजता रक्त पातळ ठेवणारी एसेनोकुमॅरॉल ही गोळी असते. गेल्या नवरात्रात कोराडीला दर्शनाच्या रांगेत उभे असताना लघवीला कुठे जायचे, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी टॉर्सेमाइड टाळली आणि मग रोजच टाळली. दिवसभर सैंधव घातलेले ताक, रात्री आरतीनंतर साबुदाण्याची उसळ आणि बटाट्याचा खारा चिवडा, असा त्यांचा फराळ होता. चौथ्या दिवशी वजन 54 वरून 56.5 किलो झाले. पाचव्या रात्री आडवे झाले की धाप लागू लागली आणि त्यांनी रात्र बसून काढली. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते, ते तर त्यांनी कोणाला सांगितलेच नाही.

सैंधवात सोडियम नसते, हा गैरसमज कोणी पसरवला कोण जाणे. तेही मुख्यतः मीठच आहे आणि ते शरीरात पाणी धरून ठेवते. गोळी बंद, मीठ चालू, म्हणजे पाणी फुफ्फुसात साचणारच. अशा रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. काकूंना रांगेचीच अडचण होती, तर डॉक्टरांनी ती गोळी त्या दिवसापुरती दुपारी परत आल्यावर घ्यायला सांगितली असती. फक्त ती रात्री उशिरा घेऊ नये, नाहीतर झोपेत उठता-उठता चक्कर येऊन पडायची भीती असते.

आता रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीबद्दल, कारण तिथे माझा संताप अधिक आहे. काकूंनी ती गोळी नियमित घेतली होती, तरी रुग्णालयात त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, 5.2 आला; त्यांच्यासाठी तो 2.5 ते 3.5 हवा. पालेभाजी बंद झाल्याने व्हिटॅमिन के कमी झाले होते आणि साचलेल्या पाण्याने यकृतही सुजले होते. दोन्हींमुळे तीच गोळी जास्त जोरात काम करू लागली. म्हणजे उपवासाआधी एकदा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी होती. ती गोळी बंद केली असती, तर झडपेवर गाठ बसून पक्षाघात होऊ शकला असता, असे मी त्या गृहस्थांना ठणकावून सांगू इच्छिते. एखादी मात्रा राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. कोणाला रक्त पातळ ठेवण्यासाठी रिव्हरॉक्साबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी असेल, तर ती जेवणासोबतच घ्यावी, कारण रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. एकभुक्त असेल तर त्या एकाच जेवणासोबत.

फराळ आणि पाणी चालणाऱ्या उपवासात बऱ्याच स्थिर रुग्णांच्या गोळ्यांच्या वेळा फारशा बदलाव्या लागत नाहीत, हे मलाही मान्य करावे लागेल. खरी भीती निर्जळीची आहे, मग ती हरतालिका असो वा रोजा. लघवीची गोळी घेऊन दिवसभर पाणी न प्यायल्यास रक्तदाब खाली येतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. उभे राहताच डोळ्यांसमोर अंधारी येणे आणि लघवी गडद व कमी होणे ही त्याची खूण. मधुमेह किंवा हृदयासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी तर दीर्घ उपाशी राहण्याआधी विचारलेच पाहिजे, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले किंवा स्टेंट बसवलेले, गेल्या काही आठवड्यांत धाप लागून भरती झालेले, महाधमनीची झडप फार अरुंद झालेले, मूत्रपिंड कमजोर असलेले आणि आयएनआर सतत वरखाली होणारे, यांनी असा निर्जळी उपवास करूच नये.

काकू मात्र देवीवर रुसल्या नाहीत आणि मीही त्यांना रुसायला सांगणार नाही. यंदा त्या डॉक्टरांच्या संमतीने फक्त अष्टमीला फराळ करणार आहेत. दर्शनाच्या दिवसासाठी लघवीच्या गोळीची वेळ आम्ही आजच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतली, चिवड्याऐवजी बिनमिठाचे उकडलेले रताळे ठरले आणि आयएनआरसाठी घटस्थापनेच्या आधीचा सोमवार पक्का केला.