फ्रॉकचा पाच सेंटिमीटरचा वनवास

मुलं वाढतात ती रात्री, गुपचूप. फ्रॉक मात्र जागचा हलत नाही. आमच्या कन्येचा लाडका निळा सुती फ्रॉक गुडघ्याच्या वर सरकला. तो टाकायचा म्हटलं की ती अश्रू गाळते, आणि नवा आणावा तर तो तिला ‘टोचतो’.

आत पाच सेंटिमीटरची दुमड होती. ती उसवली आणि घेराभोवती जुन्या घडीची रेघ उमटली, शाळेच्या वहीतल्या समासासारखी ठळक. घरातल्या प्रत्येकाचा एकच सल्ला: इस्त्री फिरव! थांबा. रेघेत मळ असेल तर आधी धुवायला हवं, नाहीतर उष्णतेने डाग पक्का बसतो. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन आतल्या शिवणीवर रंग जातो का ते पाहायचं. रंग टिकला तर त्यात भिजवून पिळलेलं फडकं रेघेवर ठेवायचं आणि इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही.

एवढ्याने घडी गेली. रेघ राहिली! उजेडात नेऊन पाहिलं तर रेघेच्या वरच्या बाजूचं कापड विटलेलं, खालचं नव्यासारखं गडद आणि मधली कडा घासून पांढुरकी. उडालेल्या रंगाला व्हिनेगर काय करणार? त्यावर लेस हाच उपाय, आणि दोन छटांच्या मधोमध ती बसली की मुद्दाम केल्यासारखंही दिसतं.

पण लेसच्या आधी फेसिंग, म्हणजे काठाला आतून लावायची पट्टी. पुन्हा दुमडायला कापड उरलेलं नव्हतं, म्हणून जुन्या पातळ सुती कापडाची सहा सेंटिमीटर रुंद तिरकी पट्टी कापली. घेर गोल असतो. सरळ पट्टी त्याला बळजबरीने बसवली की चुण्या पडतात, तिरकी मात्र निमूट वळते. फ्रॉकच्या कडेला एक सेंटिमीटरची आणखी एक जुनी घडी होती. पट्टी सुलट बाजूवर उलटी ठेवून टीप नेमकी त्याच घडीवर मारली, पट्टी आत वळवली आणि ती घडी थेट नव्या काठात गडप झाली. एक शत्रू असा फुकटात संपला. आतली कड हाताने तुरपली, एकेक धागा उचलत, म्हणजे टाके बाहेर दिसत नाहीत.

लेस दोन सेंटिमीटर रुंद, आधी धुऊन वाळवलेली. न धुता लावली तर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि फ्रॉक तोंड आक्रसून बसतो. तिची खालची कड आधी शिवली, वरच्या कडेतला धागा ओढून ती जराशी आटवली आणि मग वरची टीप. घेर वर निमुळता असल्यामुळे हा क्रम उलटा चालत नाही.

फ्रॉक पाच सेंटिमीटर वाढला. पुढच्या वर्षासाठी आता एक धागाही शिल्लक नाही, हे मी कन्येला बजावलं. तिने फ्रॉक घातला, गोल फिरली, लेसकडे खूश होऊन पाहिलं आणि म्हणाली, “आई, बाही काचतेय.”