स्वागतातील ऊब : 5 पैकी 2

मंगळवारी सकाळी मी आमटीची फोडणी तापत ठेवून फोन पाहिला, आणि फोनवरच्या तक्त्यातील एका ओळीने माझी मोहरी करपवली. ओळ अशी होती : ‘वर्गाच्या आरंभी स्वागतातील ऊब – 5 पैकी 2.’

सत्तावीस वर्षे शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि आता दर शनिवारी अमेरिकेतील अकरा मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा असतो. हे वर्ग चालवणारी मंडळी अधूनमधून एखाद्या तासाचे चित्रमुद्रण पाहून शिक्षकाला गुण देतात. उच्चार, फळ्याचा वापर, गृहपाठ यांत मला चार-चार गुण होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ऊब मात्र दोन. माझ्या हातची ऊब घेऊन बाहेर पडलेली मुले आज स्वतः आजोबा व्हायच्या वयाला आली आहेत.

शाळेत स्वागत हा प्रश्नच नव्हता. बाई दारात दिसल्या की साठ मुले बाके सरकवत उठत आणि ‘नमऽऽस्ते बाऽऽई’ असा सूर लावत. त्या सुरात एखादा बेसूर, एखादा झोपाळू आणि एखादा मुद्दाम उशिरा संपवणारा असेच, पण सगळे मिळून छान वाजत असे. ऑनलाइन वर्गाच्या पहिल्या दिवशी मी हाच सूर मागितला. ‘सगळे मिळून म्हणा,’ असे मी म्हणाले आणि जे कानावर पडले ते भिजलेल्या बॅटरीवरच्या रेडिओसारखे होते. अनेक आवाज एकदम आले की बैठकीचे ॲप त्यांतला मोठा आवाज पुढे काढते आणि बाकीचे दाबते. त्यात प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोहोचतो. अकरा जणांनी ‘नमस्ते’ म्हटले, त्यातले मला ‘मस्’ आणि बऱ्याच वेळाने एकट्याचे ‘बाई’ ऐकू आले.

या उशिराचे गणित मी नंतर समजून घेतले, कारण चूक माझी नव्हे हे सिद्ध करण्याची मला गरज होती. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुसत्या अंतरालाच साठ-एक मिलिसेकंद हवेत. केबल सरळ जात नाही, आणि दोन्ही टोकांना आवाज बांधण्याचे नि सोडण्याचे काम असते ते वेगळे. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला सरासरी सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात, असे दहा भाषांच्या एका अभ्यासात 2009 साली दिसून आले. म्हणजे माझे ‘काय रे, कसा आहेस?’ तिकडे पोहोचून त्याचे ‘बरा आहे’ इकडे परत येईपर्यंत, कान ज्याला संकोच किंवा राग समजतो एवढी शांतता पडते. मी घाबरून ‘ऐकू येतंय का?’ विचारते, नेमके त्याच क्षणी त्याचे उत्तर येऊन माझ्या प्रश्नावर आदळते, मग दोघेही ‘हं, बोला, बोल’ म्हणून गप्प बसतो. परीक्षक या सगळ्याला ऊब नसणे म्हणतात.

त्यावर ‘सुप्रभात’ची अडचण. माझ्याकडे शनिवारी संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात; उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा, डॅलसला नऊ आणि कॅलिफोर्नियात सात. मी ‘शुभ संध्याकाळ’ म्हणावे तर मुले हसतात आणि ‘सुप्रभात’ म्हणावे तर माझ्या मागच्या खिडकीतला अंधार मला खोटे पाडतो. मुळात ‘सुप्रभात’ हे आपल्याकडे फळ्यावर लिहायचे असते, तोंडाने म्हणायचे नसते. आपली ऊब ‘या, बसा’ आणि ‘जेवलास का?’ यांत आहे, आणि ही दोन्ही वाक्ये तिथे निरुपयोगी ठरतात. कॅलिफोर्नियाच्या मुलाला मी एकदा ‘जेवलास का?’ विचारले, तो अजून पांघरुणातच होता. ‘बाई, मी उठलो पण नाही,’ एवढेच तो म्हणाला.

तेव्हा मी स्वतःची रीत बसवली, आणि ती वाईट नव्हती, हे मला इथे नोंदवायचे आहे. मी खोली दहा मिनिटे आधी उघडते आणि मुलांना बाहेर प्रतीक्षेत ठेवून एकेकाला आत घेते, म्हणजे आत येणारा प्रत्येक जण काही सेकंद माझा एकट्याचा असतो. ‘कसा आहेस?’ हा प्रश्न मी टाकून दिला, कारण त्याला ‘बरा’ याखेरीज उत्तर नसते. त्याऐवजी एका शब्दात उत्तर देता येईल असे काहीतरी विचारते : खिडकीबाहेर काय दिसते, पायात मोजे कोणत्या रंगाचे आहेत. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवले होते की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुले अधिक लांब आणि अधिक विचार करून बोलतात. ऑनलाइन तर मुलाला माइकचे बटण शोधायलाच दोन सेकंद जातात. शिवाय मी कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी एक लाल टिकली चिकटवली आहे. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले की समोरच्याला आपण खाली मान घालून बोलतो आहोत असे वाटते, म्हणून स्वागताच्या वेळी मी मुलाकडे न पाहता टिकलीकडे पाहून हसते. मुलाला ऊब मिळावी म्हणून टिकलीवर प्रेम करणे किती कठीण असते ते कुणी परीक्षकांना विचारून पाहावे. एका मुलाला दहा सेकंद धरले तरी अकरा जण दोन मिनिटांत आटोपतात.

आणि मग आजोबा आले.

न्यू जर्सीच्या एका मुलीचे हे आजोबा सांगलीचे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळलेले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यभर माइकसमोर बसला होता. त्याच्यासमोर सुनेने टॅबलेट ठेवला, यात दोष कुणाचा म्हणायचा? त्या शनिवारी मी प्रतीक्षेतल्या ‘Aai's iPad’ला आत घेतले, टिकलीकडे पाहून हसले आणि म्हणाले, ‘ये ग, आज मोजे कोणत्या रंगाचे?’

समोर पांढऱ्या मिशा होत्या.

‘मोजे घातले नाहीत बाई, पायाला भेगा आहेत,’ मिशा म्हणाल्या. ‘नमस्कार. नात दात घासतेय. तुम्ही कुठल्या?’

‘पुण्याच्या.’

‘पुण्याच्या कुठल्या? स्वारगेटला उतरून कुठं जायचं?’

मी तीन आकडे मोजायला नको होते. ती सवय लागली होती, आणि त्या तीन सेकंदांत त्यांनी मला माझे माहेर, आडनाव आणि कोल्हापूरला कुणी आहे का, हे तिन्ही विचारून घेतले. मी म्हणाले, ‘आजोबा, बाकीची मुलं बाहेर थांबलीत.’ ते म्हणाले, ‘आजोबा कसा? तुमचा काका लागेन फार तर. आणि थांबलीत तर घ्या की आत, फलाट मोकळे आहेत.’ त्यांना पडद्यावरचे रिकामे चौकोन दिसत होते.

मी डॅलसच्या मुलाला आत घेतले आणि तोंड उघडणार, एवढ्यात स्थानकावरचा तो ओळखीचा, नाकातून येणारा आवाज सातासमुद्रापलीकडून घुमला : ‘प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. डॅलसहून येणारा विद्यार्थी फलाट क्रमांक तीनवर लागलेला आहे.’ डॅलसचा तो मुलगा, जो गेल्या पाच महिन्यांत मला ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय काही बोलला नव्हता, त्याने माइक स्वतःहून सुरू करून विचारले, ‘मी बस आहे का?’ आजोबा म्हणाले, ‘साधी का निमआराम, ते तू सांग.’ त्याने निमआराम म्हणजे काय ते विचारले, आणि आजोबांनी त्याला आसनांच्या रचनेपासून भाड्यातल्या फरकापर्यंत सगळे समजावले. मी दोनदा ‘बरं का आजोबा’ म्हणून पाहिले. उशिराच्या कृपेने माझे दोन्ही ‘बरं का’ त्यांच्या वाक्यांच्या मध्यावर पडले आणि त्यांना ती दाद वाटली.

कॅलिफोर्नियाचा मुलगा आला तेव्हा ‘ही गाडी रात्रवस्तीची असल्याने झोपेत आहे, चालकाने चहा घ्यावा,’ अशी घोषणा झाली. तो पांघरुणातून उठून बसला. सिअ‍ॅटलची जुळी एकाच चौकोनात दिसली, तेव्हा ‘जोडगाडी’ लागली. शेवटी नात तोंडाला पेस्ट लागलेल्या अवस्थेत आली आणि ‘आबा, तो माझा क्लास आहे!’ असे ओरडली, तर तिलाही ‘स्थानिक गाडी वीस मिनिटं उशिरा’ असे जाहीर करून आत घेण्यात आले. मला माइक बंद करता आला असता, ते बटण माझ्याकडे होते. पण पंचाहत्तरीच्या माणसाला पुण्याच्या बाईने अकरा मुलांदेखत गप्प केले, हे सांगलीपर्यंत पोहोचायला काचतंतूही लागला नसता.

नऊ मिनिटे गेली. क्रियापदांचा तक्ता उरलाच. त्या नऊ मिनिटांत मी टिकलीकडे पाहत होते, पण हसत नव्हते, हे चित्रमुद्रणात स्वच्छ दिसते असे कळते.

तक्त्यातली त्या ओळीखालची ओळ मी मुद्दाम शेवटी सांगते आहे. ‘शेरा : एका पालकाच्या सहभागामुळे आरंभी वातावरण अत्यंत आपुलकीचे झाले (5 पैकी 5). शिक्षिकेने यातून बोध घ्यावा. शक्य असल्यास सदर आजोबांना दर आठवड्याला दोन मिनिटे द्यावीत.’ माझ्या टिकलीचा, मोज्यांचा, दहा मिनिटे आधी येण्याचा उल्लेख कुठेही नाही. ती दहा मिनिटे मानधनात धरत नाहीत, हेही जाता जाता सांगून ठेवते.

मी उत्तर लिहिले, खोडले आणि ‘सूचनेबद्दल आभार’ एवढेच पाठवले.

परवा शनिवारी सात वाजून वीस मिनिटांनी मी खोली उघडली. प्रतीक्षेत पहिले नाव होते ‘Aai's iPad’. नातीचे दात घासून व्हायला अजून अवकाश होता, हे मला ठाऊक होते. मी टिकली नीट दाबून बसवली, आत घेण्याच्या बटणावर बोट ठेवले आणि संशोधनाला धरून तीन आकडे मोजले. मग आणखी साठ मोजले.