f/22 लावून मृगाचा किडा पुढून मागपर्यंत शार्प येत नाही

"मॅक्रोसाठी फोकस स्टॅकिंगची गरजच नाही. अ‍ॅपर्चर f/22 वर टाका, किडा पुढून मागपर्यंत शार्प येतो. स्टॅकिंगला मेलेला किडा लागतो, जिवंतावर ते होत नाही. आणि तो फोटो कॅमेऱ्याचा नसतोच, सॉफ्टवेअरने बनवलेला असतो."

हा मेसेज सध्या आपल्या इंदूरच्या फोटोग्राफी ग्रुपांमधून फिरतोय. पहिला पाऊस पडून रालामंडळच्या पायथ्याशी, सिरपूर तलावाकाठी काळ्या मातीत मृगाचे किडे निघाले की नवी मॅक्रो लेन्स घेतलेली मुलं हेच वाचून बाहेर पडतात. म्हणून त्याच किड्याचं उदाहरण घेऊन उत्तर देतो. फोकस स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा मागे सरकवत बऱ्याच फ्रेम काढायच्या आणि त्यांतले शार्प भाग जोडून एक फोटो करायचा.

आधी f/22 बद्दल. अ‍ॅपर्चरचा आकडा लांबच्या वस्तूसाठी खरा असतो. आपण जवळ जाऊ लागलो की लेन्स प्रत्यक्षात आणखी बारीक छिद्रासारखी वागते. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात उमटतो त्या १:१ मापाला आकडा साधारण दुप्पट होतो, म्हणजे f/22 लावलं की काम f/44 चं होतं. निकॉनच्या बॉडीवर त्यांची मायक्रो लेन्स लावली तर हा वाढलेला आकडा स्क्रीनवर दिसतो. बऱ्याच इतर कॅमेऱ्यांवर मूळचा आकडाच दिसत राहतो, त्यामुळे काय झालंय ते कळतच नाही.

इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात. ठिपका ठिपका राहत नाही, त्याची चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी f/44 ला या चकतीचा व्यास साधारण ५९ मायक्रॉन येतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा, म्हणजे प्रत्येक बिंदू १५ पिक्सेल रुंदीवर पसरला. मृगाच्या किड्याचं सगळं वैभव त्याच्या मखमली केसांत आहे. f/22 च्या फोटोत ते केस सुटे दिसतच नाहीत, लाल लोकरीचा गोळा दिसतो. नंतर कितीही शार्पनिंग करा, कडा उठावदार होतील, पण एकमेकांत मिसळलेले दोन केस वेगळे होणार नाहीत.

एवढी किंमत मोजून पुढून मागपर्यंत शार्प दिसणारी खोली तरी मिळते का? सात-आठ मिलिमीटरचा किडा समोरून थोडा वरच्या अंगाने घेतला तर तोंडापासून पाठीच्या टोकापर्यंत साधारण सहा मिलिमीटर खोली लागते. f/22 ला नेहमीच्या हिशोबाने ती जेमतेम पावणेदोन मिलिमीटर मिळते. म्हणजे डोळ्यांवर फोकस ठेवला तर पाठीचा मागचा भाग डिफ्रॅक्शनने मऊ होतोच, शिवाय फोकसच्याही बाहेर जातो.

तरीही हा सल्ला लोकांना पटतो, त्याचं कारण मोबाइल आहे. सहा हजार पिक्सेल रुंद फोटो हजारभर पिक्सेलवर आणला की ती १५ पिक्सेलची चकती अडीच पिक्सेलची होते आणि सगळं बरं वाटतं. फोटो फक्त ग्रुपवर टाकायचा असेल तर f/16 च्या एका फ्रेमवर भागवायला माझी हरकत नाही. पण प्रिंट काढायची असेल किंवा पायांचे सांधे, डोळे नीट बघायचे असतील, तर तो फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून बघा.

आता तोच किडा f/5.6 वर घ्या. प्रत्यक्षात f/11 चं काम होतं, चकती १५ मायक्रॉनवर येते आणि केस सुटे दिसू लागतात. एका फ्रेमची खोली मात्र ०.४५ मिलिमीटरच्या आसपास उरते. शेजारच्या फ्रेम एकमेकींवर चढायला हव्यात म्हणून दर फ्रेमला फोकस सरकवण्याचं पाऊल ०.३ मिलिमीटरचं धरलं, तर सहा मिलिमीटरसाठी वीस फ्रेम लागतात. पाऊल मोठं झालं तर पाठीवर आडवे पट्टे येतात: एक पट्टा शार्प, एक मऊ, पुन्हा शार्प. असे पट्टे दिसले तर सॉफ्टवेअरशी झगडू नका, पाऊल लहान करून पुन्हा काढा.

वीस फ्रेम म्हटल्यावर मेलेला किडाच लागेल असं वाटणं साहजिक आहे. पण आता बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंग असतं. निकॉनमध्ये त्याला Focus Shift Shooting म्हणतात. पुढचं टोक, पाऊल आणि फ्रेमची संख्या ठरवून दिली की कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत जातो. सेकंदाला दहा फ्रेम मिळत असतील तर वीस फ्रेमना दोन सेकंद लागतात. मृगाचा किडा चालता चालता थांबतो, माती चाचपतो, पुन्हा निघतो. तेवढ्या थांब्यात काम होतं. मी कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर जमिनीलगत टेकवतो, सकाळच्या ढगाळ उजेडात काढतो आणि सुरुवात मुद्दाम तोंडाच्या जरा अलीकडून करतो, कारण पुढची एखादी फ्रेम वाया गेली तर चालते, तोंडाची गेली तर सगळा संच जातो. किडा फ्रीजमध्ये ठेवून सुन्न करायचा प्रकार मला मुळीच मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

चालता किडा मात्र स्टॅक होत नाही, हे खरं. मधे पाय हलला तर जोडलेल्या फोटोत एका जागी दोन अर्धवट पाय दिसतात. तसं झालं तर पाय हलण्याआधीच्याच फ्रेम जोडाव्यात आणि मागचा भाग अस्पष्ट राहू द्यावा. किंवा एकच फ्रेम f/8 वर, किड्याच्या अंगाला सेन्सर समांतर धरून घ्यावी.

राहिला सॉफ्टवेअरने बनवल्याचा आरोप. Zerene Stacker किंवा Helicon Focus आधी फ्रेम एकमेकींवर नीट बसवतात, कारण फोकस सरकताना किड्याचा आकारही किंचित बदलतो. मग कोणत्या फ्रेममध्ये कुठला तपशील शार्प आहे ते शोधून तेवढं उचलतात. जो केस एकाही फ्रेममध्ये शार्प नाही, तो जोडलेल्या फोटोतही शार्प येत नाही. रिकामी जागा कल्पनेने भरण्याचं काम इथे होत नाही.

चुका मात्र होतात, आणि केसाळ किड्यावर जास्तच. Zerene मधली DMap पद्धत रंग आणि पोत जपते, पण एकमेकांवर आडवे आलेले केस दिसले की गोंधळते आणि त्यांच्या कडेने धुरकट वलय सोडते. त्यातलीच PMax ही दुसरी पद्धत केस स्वच्छ सोडवते, पण कॉन्ट्रास्ट आणि नॉइज वाढवते, लाल रंग भडक होतो. म्हणून मी दोन्ही काढतो. DMap चा फोटो पायाला घेतो आणि जिथे वलय आलंय तिथे रिटचिंग ब्रशने PMax मधले केस उतरवतो. पाठीच्या कडेवर, जिथे लाल केस काळ्या मातीवर येतात, तिथे यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

पुढचा केस धूसर असताना त्याच्यामागे जे पूर्ण झाकलं गेलं, ते कुठल्याही पद्धतीने परत येत नाही. f/2.8 वर ही अडचण वाढते, कारण धूसर केस आणखी रुंद पसरतो. म्हणून केसाळ किड्यासाठी f/5.6 च्या खाली जाऊ नये. आणि शेवटची फ्रेम पाठीच्या टोकाशी थांबवावी. मागची माती स्टॅकमध्ये घेतली नाही तर ती अस्पष्टच राहते, आणि किडा मातीपासून वेगळा उठून दिसतो.